निवडलेल्या आठ जणांचं रोजचं काम कोणाकडे गेलं?

"चाकणला आमचा मशिनिंगचा प्लांट आहे, स्टाफ १४०. मागच्या वर्षी आम्ही ८ 'हाय पोटेन्शियल' लोक निवडले, मोठे प्रोजेक्ट दिले, बाहेरचं ट्रेनिंग दिलं. वर्षभरात त्यातले ३ सोडून गेले. न निवडलेले बाकीचे नाराज आहेत. दोन जुने सुपरवायझर तोंडावर म्हणाले, 'आम्ही काय फक्त गाडा ओढायला?' मॅनेजमेंट विचारतंय, प्रोग्राम बंद करायचा की सगळ्यांना त्यात घ्यायचं? मी एचआर बघतो, काय सांगू?"

नमस्कार. बंद करू नका, आणि सगळ्यांना घेऊही नका. आधी एक गोष्ट शोधून काढा. ते आठ जण प्रोजेक्टवर गेले तेव्हा त्यांचं रोजचं काम कोणी केलं? तुमच्या सुपरवायझरांनी 'गाडा ओढायला' हा शब्द वापरला, त्याकडे नीट बघा. आम्हाला ट्रेनिंगला का नाही पाठवलं, असं ते म्हणालेले नाहीत. ते ओझ्याबद्दल बोलताहेत.

मी २४ वर्षं एचआरमध्ये आहे. त्यातली बरीचशी भोसरी, चाकण आणि रांजणगावच्या ऑटो कंपोनंट कारखान्यांत गेली. असे प्रोग्राम मी तीन ठिकाणी चालवले. पहिला माझ्याच हातून बिघडला, आणि तो बिघडला तो नेमका याच जागी. तो सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं त्यात आहे.

स्टिअरिंगचे पार्ट बनवणारा कारखाना होता. क्वालिटीतला एक डिप्लोमा इंजिनिअर आम्ही निवडला. सहा वर्षं अनुभव, हुशार, पडेल ते काम अंगावर घेणारा. त्याला काम दिलं ते असं: नवीन पार्टची ट्रायल घेण्यापासून ग्राहकाची पीपॅप, म्हणजे पार्टचं उत्पादन सुरू करायची, मंजुरी मिळेपर्यंत सगळं त्याने सहा महिन्यांत करायचं. कंट्रोल प्लॅन, गेजचा अभ्यास, प्रोसेसची क्षमता, ग्राहकाच्या इंजिनिअरशी बोलणी, सगळं त्याच्याकडे. काम उत्तम निवडलेलं होतं, आजही मी तेच निवडेन. पण त्याच्या जुन्या टेबलावरचं काम कुठे जाणार, हे कोणी लिहून ठेवलं नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं की 'काका बघतील'.

काका म्हणजे क्वालिटीतले ज्येष्ठ इन्स्पेक्टर, वय ४७. त्यांच्याकडे गेज कॅलिब्रेशनचं वेळापत्रक आलं, येणाऱ्या मालाचे निर्णय आले, सप्लायरचा पाठपुरावाही आला. सही करायचा अधिकार मात्र आला नाही. माल अडवायचा तर त्यांनी त्या इंजिनिअरला शोधायचं, आणि तो ट्रायलवर. चौथ्या महिन्यात ग्राहकाच्या ऑडिटमध्ये दोन गेजची कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेलेली सापडली. ताशेरा काकांवर आला. दोन महिन्यांनी पीपॅप मंजूर झालं, सत्कार इंजिनिअरचा झाला. काका त्या कार्यक्रमाला आलेच नाहीत. मी त्यांना विचारायला गेले तेव्हा ते गेजचा रॅक पुसत होते. एवढंच म्हणाले, "मॅडम, त्याचं चांगलं झालं याचा मला आनंद आहे. पण त्याच्या सहा महिन्यांत माझे सहा महिने गेले, ते कुठे लिहिलेत?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. माझ्या रजिस्टरमध्ये निवडलेल्यांचे ट्रेनिंगचे तास होते, प्रोजेक्टचे टप्पे होते, खर्च होता. काकांची नोंद कुठेच नव्हती.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही एक साधा नियम केला. सुटणाऱ्या कामाचा कागद तयार झाल्याशिवाय असाइनमेंट सुरू करायची नाही. निवडलेल्या माणसाने आपला एक सर्वसाधारण आठवडा तासांत लिहायचा, आणि त्याच्या साहेबाने त्याच्या शेजारी बसून प्रत्येक ओळीपुढे लिहायचं: बंद, दुसऱ्याकडे, की याच्याकडेच.

तशाच एका क्वालिटी इंजिनिअरचा कागद सांगते. आठवडा ४८ तासांचा. ग्राहक तक्रारींचे एट-डी रिपोर्ट ८ तास, सप्लायरचा पाठपुरावा ७, येणाऱ्या मालाचे निर्णय ६, लाईनवरच्या फेऱ्या ६, मीटिंगा ५, गेजचं नियोजन ४, महिन्याच्या आकडेवारीचे तक्ते आठवड्याला सरासरी ३, आणि उरलेले ९ तास किरकोळ. नवीन कामाला आठवड्याला किमान २० तास लागणार होते. म्हणजे २० तास सोडवायला हवे होते, आणि ते 'मॅनेज करू' म्हणून सुटत नाहीत.

आकडेवारी बघताना कळलं की एकच माहिती दोन वेगवेगळ्या तक्त्यांत भरली जात होती. एक तक्ता बंद केला, २ तास सुटले. सप्लायरचा पाठपुरावा पर्चेसच्या मुलाकडे दिला, त्याचे ७ तास. गेज आणि येणारा माल, मिळून १० तास, ज्येष्ठ इन्स्पेक्टरकडे. १९ तास झाले, चालण्यासारखं होतं. एट-डी त्याच्याकडेच ठेवले, कारण ग्राहकाशी त्याचं नातं त्यावर होतं.

खरी गंमत यानंतर आहे. ज्येष्ठ इन्स्पेक्टरकडे १० तास गेले तर त्यांच्या आठवड्यातून १० तास निघाले पाहिजेत. त्यांच्याकडचं ले-आउट इन्स्पेक्शन, म्हणजे ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप तपासण्याचं काम, दोन वर्षांच्या एका ज्युनिअर मुलीकडे दिलं. तिला ते शिकायचंच होतं. तिच्याकडची रोजची तपासणी चार महिन्यांसाठी कंत्राटी इन्स्पेक्टर घेऊन भागवली. साखळी तिथे संपली.

हे महत्त्वाचं आहे. साखळी कुठेतरी संपावी लागते: एखादं काम कायमचं बंद करून, नाहीतर पैसे खर्च करून. ती तुम्ही संपवली नाहीत तर ती स्वतःहून सगळ्यात खालच्या माणसाच्या ओव्हरटाइमवर जाऊन थांबते.

आता हिशेब बघा. मोठं काम एकालाच दिलं होतं, पण नवीन काही करायला तिघांना मिळालं. ज्येष्ठ इन्स्पेक्टरना आम्ही माल अडवण्याचा अधिकार लेखी दिला, त्यांची सही नोटीस बोर्डावर लावली, ऑडिटमध्ये गेजचा विषय त्यांनीच मांडला. पहिल्या वेळी तेच काम ओझं होतं, दुसऱ्या वेळी ती बढतीसारखी वाटली. फरक फक्त तीन गोष्टींचा होता: अधिकार, बदल्यात कमी झालेलं काम, आणि नोंद. पगार त्या दिवशी वाढला नव्हता. अर्थात वार्षिक वाढीच्या वेळी ती नोंद आम्ही धरली. ती धरली नसती तर पुढच्या वर्षी कोणी विश्वास ठेवला नसता.

तुमच्या आठही असाइनमेंटचा असा कागद आजही मागे जाऊन बनवता येईल. ते दोन सुपरवायझर त्यातल्या कुठल्या ओळींवर सापडतात ते बघा. मला जवळजवळ खात्री आहे की सापडतील.

निवडीबद्दल थोडं बोलते, कारण बाकीच्यांची नाराजी तिथेही मुरलेली असते. तुम्ही बहुधा नऊ चौकटींचा तक्ता वापरला असेल. एका बाजूला कामगिरी, दुसऱ्या बाजूला क्षमता. कामगिरीला निदान आकडे असतात. 'क्षमता' मात्र विभागप्रमुखाच्या मनातली असते, आणि त्याच्या मनात जो डोळ्यांसमोर असतो तो येतो. तुमची आठ नावं काढा आणि तीन गोष्टी तपासा. किती जण जनरल शिफ्टचे आहेत? किती जण मीटिंगमध्ये इंग्रजीतून प्रेझेंटेशन देतात? आणि बायका किती आहेत? एका प्लांटमध्ये मी हे केलं तेव्हा नऊपैकी नऊ जण जनरल शिफ्टचे निघाले. फिरत्या शिफ्टमध्ये रात्री तीन वाजता मशिन बंद पडल्यावर निर्णय घेणारा माणूस त्या यादीत नव्हता, कारण तेव्हा त्याला बघायला कोणी जागं नव्हतं.

दुसरी चूक म्हणजे आजच्या कामात उत्तम तो उद्याचा साहेब, असं धरून चालणं. अमेरिकेत विक्री विभागातल्या लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की कंपन्या सर्वाधिक विक्री करणाऱ्यांनाच बढती देतात, आणि नेमक्या त्याच लोकांच्या हाताखालच्या माणसांची कामगिरी घसरते. आपल्याकडे मशिन लावून देणाऱ्या उत्तम सेटरला सुपरवायझर करून एक सेटर गमावण्याचा आणि एक कच्चा सुपरवायझर मिळवण्याचा अनुभव कुठल्याही शॉप फ्लोअरवर विचारा, सांगतील.

म्हणून मी आता माणसावर शिक्का मारत नाही. १४० जणांच्या प्लांटमध्ये 'हायपो' यादी गुप्त राहतच नाही, ती दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर असते. ज्यांची नावं नाहीत त्यांना एका दिवसात कळतं की कंपनीच्या लेखी आपण संपलो. मी असाइनमेंटची यादी लावते. 'अमुक लाईनवर सेटिंगचा वेळ ७० मिनिटांवरून ४० वर आणायचा आहे, पाच महिने, आठवड्याला १५ तास, या गोष्टी शिकायला मिळतील, कोणाला करायचं आहे?' लोक नाव देतात. निवड मग कामासाठी होते, जन्मभरासाठी होत नाही. पुढच्या वेळी दुसरं काम, दुसरा माणूस. आणि ज्यांची नावं आम्हाला कधीच सुचली नसती असे लोक पुढे येतात. स्टोअरमधल्या एकाने सेटिंगच्या कामाला नाव दिलं होतं. टूल वेळेवर का मिळत नाहीत हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

एक अडचण आहे, ती लपवत नाही. विचारून नाव देण्याच्या पद्धतीत बोलके लोक पुढे येतात आणि संकोची मागे राहतात. म्हणून प्रत्येक सुपरवायझरला मी सांगते की यादी लागल्यावर दोन अशा माणसांशी स्वतःहून बोला, ज्यांनी नाव दिलेलं नाही पण दिलं तर तुम्हाला आवडेल. आणि काम संध्याकाळी सहानंतर होणार असेल तर बायका आणि लांबून बसने येणारे आपोआप बाद होतात. ते तास कामाच्या वेळेतच बसवा. त्यासाठीच तर वरचा कागद.

तुमचे तीन जण का गेले, याचं उत्तर एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये 'चांगली संधी' असं असेल. ते अर्धंच उत्तर आहे. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत माणूस असाइनमेंटच्या मध्यात जात नाही, ती संपल्यावर तीन ते सहा महिन्यांत जातो. कारण तो परत त्याच खुर्चीत बसतो. सहा महिने ग्राहकाशी थेट बोललेला माणूस, आता पुन्हा ईमेल पाठवायला साहेबाची परवानगी मागतो. बायोडेटामध्ये नवीन ओळ आलेली असते, हातातलं काम मात्र जुनंच. तुमच्या तिघांच्या तारखा तपासून बघा: प्रोजेक्ट संपल्याची आणि राजीनाम्याची.

यावर उपाय म्हणजे असाइनमेंट सुरू होण्याआधीच शेवट बोलून ठेवणं. तुमचा प्लांट वाढत असेल, नवीन लाईन येणार असेल, तर पुढे पद आहे असं सांगता येईल. वाढत नसेल तर तसं स्पष्ट सांगा: 'पद नाही, पण या कामातला ग्राहकाशी बोलण्याचा भाग कायम तुझ्याकडे राहील, आणि जुन्यापैकी हे दोन विषय कायमचे काकांकडे गेले.' म्हणजे माणूस परत येतो तो थोड्या बदललेल्या खुर्चीत येतो. पद नसताना पदाची आशा दाखवली तर त्याला दुसऱ्या कंपनीसाठी तयार करून देण्याचं काम तुम्ही तुमच्या खर्चाने केलंत, असं होतं.

असाइनमेंट खरी आहे की नुसतं जास्तीचं काम, हे कसं ओळखायचं? मी त्या माणसाला एकच विचारते: गेल्या दोन आठवड्यांत असा कुठला निर्णय तू घेतलास जो आधी घेऊ शकत नव्हतास? उत्तर आलं नाही तर ते ओझंच आहे, नाव काहीही असो. कामाचा साधारण तिसरा हिस्सा अनोळखी असावा. त्याहून जास्त असेल तर माणूस बुडतो, आणि हुशार माणूस बुडताना ओरडत नाही, गप्प होतो. आठवड्याची भेट दोनदा पुढे ढकलली गेली, की मी जाऊन बघते. त्या भेटीला अर्धा तास पुरतो, पण ती त्याच्या थेट साहेबाखेरीज दुसऱ्या कोणाबरोबर असावी, कारण साहेबाला त्याचं जुनं काम परत हवं असतं.

तुमच्या व्यवस्थापनाने ७०-२०-१० चा आकडा दाखवला असेल: ७० टक्के शिकणं कामातून, २० टक्के माणसांकडून, १० टक्के वर्गातून. तो १९८० च्या दशकात अमेरिकेत यशस्वी अधिकाऱ्यांना 'तुम्ही कशातून शिकलात' असं विचारून निघालेला आहे. दिशा म्हणून ठीक आहे, पण तो मोजून काढलेला नियम नाही, बजेटची वाटणी त्यावर करू नका. आणि विचारलं होतं ते यशस्वी झालेल्यांना. अशीच अवघड कामं अंगावर घेऊन जे कोलमडले, त्यांना काय शिकायला मिळालं हे त्यात येत नाही.

आता बाकीचे १३२. सगळ्यांना प्रोग्राममध्ये घ्यायचा विचार प्रामाणिक आहे, पण त्यातून दोन दिवसांचं सामुदायिक ट्रेनिंग, एक सर्टिफिकेट आणि एक ग्रुप फोटो एवढंच निघतं. लोकांना ते कळतं. त्यांना हवी असते ती साहेबाची नजर. एका प्लांट हेडच्या डायरीचा महिना मी त्यांच्यासोबत बसून मोजला होता. निवडलेल्या आठ जणांबरोबर ११ तास. ३० सुपरवायझर आणि इंजिनिअरांबरोबर, बिघाड आणि रिजेक्शनच्या मीटिंगा सोडल्या तर, एक तास. ते स्वतः बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. वाईट माणूस नव्हता तो. वेळ जिथे उत्साह दिसतो तिथे आपोआप वाहतो, एवढंच.

त्यानंतर त्यांनी आठवड्यातून दोनदा, पंचेचाळीस मिनिटं, एकेका सुपरवायझरच्या लाईनवर उभं राहायचं ठरवलं. आकडे विचारायचे नाहीत, 'इथे काय बदलायला हवं आणि ते तुम्ही केलं तर मला काय द्यायला लागेल' एवढंच विचारायचं. त्यातून दोन-तीन आठवड्यांची छोटी कामं निघाली: एक फिक्स्चर बदलणं, नव्या अप्रेंटिसला एक ऑपरेशन शिकवणं, ग्राहकाच्या ऑडिटमध्ये आपली लाईन आपणच दाखवणं. यांना प्रोग्राम म्हणायची गरज नाही, पण नोंद ठेवायची.

नोंदीसाठी नवीन काही लागत नाही. तुमचा प्लांट आयएटीएफ १६९४९ या ऑटो क्वालिटीच्या मानकाचा असेल तर लाईनवर स्किल मॅट्रिक्स लावलेला असेलच, कोणाला कुठलं काम किती येतं ते दाखवणारे चार भागांचे ते गोल. बऱ्याच ठिकाणी तो ऑडिटच्या आदल्या आठवड्यात रंगवला जातो. त्यालाच खरं करा. वर्षभरात ज्यांचा एकही गोल पुढे सरकला नाही, अशा नावांची यादी काढा. माझ्या मते एचआरने दर तिमाहीला व्यवस्थापनासमोर ठेवायची सगळ्यात महत्त्वाची यादी ती आहे. हायपोंची यादी त्यानंतर.

त्या यादीत काही जण असे असतील ज्यांना पुढे जायचंच नाही. ३५ वर्षांचा उत्तम सेटर, संध्याकाळी शेत बघतो, त्याला सुपरवायझर व्हायचं नाही. त्याला समजावत बसू नका. त्याच्यासाठी तंत्रज्ञ म्हणून वर चढायची शिडी आहे का, ते बघा. सेटर म्हणून कमाल पगारावर पोचला की थांबला, अशी ग्रेडची रचना असेल तर तो आज ना उद्या शेजारच्या कंपनीत जाईल, आणि त्याचं जाणं हायपोच्या जाण्यापेक्षा लवकर जाणवेल. मशिन दुसऱ्या दिवशीच जाणवून देतं.

किती असाइनमेंट एकाच वेळी चालवायच्या, हे तुमच्या लोकसंख्येवर आणि हंगामावर आहे. १४० जणांत माझ्या अनुभवाने एका वेळी तीन-चार पेलतात, आठ नाही. ग्राहकाचं उत्पादन वाढवायचं वेळापत्रक सुरू असेल तेव्हा दोनसुद्धा जास्त होतात. एकाच विभागातून दोघं कधीच नको, साखळी तुटते.

तर मॅनेजमेंटला सांगा: नवीन बॅच एक तिमाही थांबवू, चालू असलेल्या पाच जणांपैकी ज्यांचं काम अर्धवट आहे ते पूर्ण करू, आणि त्या काळात सुटलेल्या कामाचे कागद बनवू. पण त्या मीटिंगच्या आधी त्या दोन सुपरवायझरांकडे जा. ऑफिसमध्ये बोलावू नका, त्यांच्या शिफ्टला जा. वही सोबत न्या आणि विचारा, गेल्या वर्षी कोणकोणती कामं तुमच्याकडे आली, कोणाची, आठवड्याला किती तास, आणि कुठली सही करायला तुम्हाला दुसऱ्याची वाट बघावी लागली. ते सांगतील तसं त्यांच्यासमोरच लिहून घ्या. मॅनेजमेंटपुढे न्यायचं तुमचं पहिलं पान तेच.